एकाच नावाचे दोन वाय-फाय दिसतात? या चुका टाळा

कोल्हापूरच्या पेठांमधल्या जुन्या घरांत हे हमखास पाहायला मिळतं. राउटर खालच्या सोप्यात, भिंती जाडजूड, त्यामुळे माडीवर रेंज पोचत नाही. मग कोणीतरी माडीवरच्या सॉकेटला रिपीटर लावून देतं आणि दुसऱ्या दिवसापासून फोनमध्ये `Patil_Home` हे नाव दोनदा दिसायला लागतं. एकाला कुलूप आहे, रेंज जेमतेम एक कांडी. दुसऱ्याला कुलूप नाही, पण कांड्या पूर्ण भरलेल्या.

बहुतेकजण भरलेल्या कांड्यांवर बोट ठेवतात. पासवर्ड न विचारताच फोन जोडला जातो, यूट्यूब चालतं आणि विषय तिथेच संपतो. मोठी चूक होते ती इथेच.

नाव एक असूनही नोंदी दोन का, ते आधी समजून घ्या. फोन यादी करताना नुसतं नाव बघत नाही, नाव आणि सुरक्षेचा प्रकार अशी जोडी बघतो. दोन्ही सारखे असतील तर राउटर आणि रिपीटर मिळून फोन साधारणपणे एकच ओळ दाखवतो आणि जो जोरात ऐकू येतो त्याला स्वतःच जोडून घेतो. प्रकार वेगळा असेल, तर दोन ओळी. सुरुवातीला सांगितलेल्या घरात रिपीटर बसवणाऱ्याने राउटरचं नाव उचललं, पण रिपीटरच्या स्वतःच्या वाय-फायला पासवर्ड घातलाच नाही. राउटरचा पासवर्ड रिपीटरने आत साठवून ठेवलाय, म्हणून इंटरनेट चालतं. पण मग ते बोळातून जाणाऱ्या कोणाच्याही फोनवर चालतं आणि तुमचा फोन ते रिपीटर यांच्यामधल्या हवेत वाय-फायचं कसलंही संरक्षण राहत नाही.

अर्थात, ती उघडी नोंद तुमच्या रिपीटरचीच आहे हे गृहीत धरू नका. तपासायला ॲप लागत नाही. रिपीटरचा खटका बंद करा, फोनचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा आणि अर्ध्या मिनिटाने यादी बघा. उघडी नोंद गेली, तर ती तुमचीच होती. राहिली, तर राउटरही बंद करून बघा. दोन्ही बंद असताना ते नाव दिसत असेल, तर ते शेजारच्या कोणाचं तरी आहे किंवा कोणी मुद्दाम तुमच्या नावाने उभं केलंय. त्याला जोडू नका. जोडल्यावर एखादं पान उघडून ‘तुमचा वाय-फाय पासवर्ड टाका’ म्हणालं, तर अजिबात टाकू नका. पासवर्ड काढून घ्यायची ही नेहमीची युक्ती आहे.

नोंद तुमचीच निघाली तरी आत्ता कुलूपवालीच निवडा, थोडी संथ चालली तरी चालेल. मग रिपीटरच्या मागच्या स्टिकरवर दिलेल्या पत्त्यावर जाऊन सेटिंग उघडा. सिक्युरिटीमध्ये राउटरला जे आहे तेच निवडा, बहुधा `WPA2-PSK` आणि `AES`, आणि पासवर्डही अक्षर न् अक्षर तोच ठेवा. रिपीटर पुन्हा चालू झाला की दोन ओळींची एक होते. माडीवर जाताना निवडानिवड करावी लागत नाही.

यानंतरचं एक काम बहुतेकांचं राहून जातं. घरातल्या ज्या ज्या फोनने ती उघडी नोंद वापरली, त्यात ती सेव्ह झालेली असते. सेव्ह केलेल्या नेटवर्कच्या यादीत जाऊन ती `Forget` करा. नाहीतर बाहेर कुठेही त्याच नावाचं उघडं वाय-फाय भेटलं, की फोन न विचारता त्याला जाऊन चिकटू शकतो.

दोन्ही नोंदींना कुलूप असेल तर घाबरण्यासारखं फारसं नसतं, पण खटका बंद करून एकदा खात्री करा. नव्या राउटरवर कधीकधी एका बँडला `WPA2` आणि दुसऱ्याला `WPA3` असतं, तेवढ्यानेही नाव दोनदा येऊ शकतं. दोन्ही तुमचीच असतील आणि फोन `WPA3` ला जोडला जात असेल, तर ते घ्या; जुना फोन जोडलाच जात नसेल, तर `WPA2` घ्या. कायमचा उपाय तोच, दोन्हीकडे एकच प्रकार लावणं.

आणि सुरक्षाही सारखी, पासवर्डही सारखा, तरी ओळी दोनच दिसत असतील, तर नाव नीट तपासा. `Patil_Home` आणि `Patil_home` ही फोनच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस तर डोळ्याला दिसतही नाही. अशा वेळी रिपीटरवरचं नाव पूर्ण खोडून नव्याने टाइप करा.