हळदीच्या फोटोंचा रंग एकसारखा ठेवताना

पिवळ्या कापडाच्या मांडवात हळदीचे साठ फोटो काढले आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता, तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो. नवरीचा हळदीने माखलेला क्लोजअप निळसर पडतो, तर पांढऱ्या सदऱ्यांचा ग्रुप फोटो पिवळा दिसतो.

लाइटरूम क्लासिकमध्ये आधी एकच फोटो नीट करा. त्यात पांढरं काहीतरी हवं. सदऱ्याच्या हळद न लागलेल्या, पण चेहऱ्यावर आहे त्याच उजेडातल्या भागावर ड्रॉपर टेकवा. मग व्हाइट बॅलन्सच्या खान्यात `Custom` दिसतंय ना, ते पाहा. बहुतेकांची चूक इथेच होते. तिथे `As Shot` राहिलं, तर सिंक केल्यावरही प्रत्येक फोटो स्वतःचाच जुना रंग धरून बसतो.

आता तो फोटो आधी निवडा, बाकीचे त्याच्या जोडीला घ्या आणि `Sync` दाबा. क्रॉप, मास्क आणि डाग काढण्याच्या खुणा वगळा, नाहीतर एकीच्या गालावरचं काम दुसरीच्या कपाळावर जाईल.

उजेड तोच असून शटर किंवा आयएसओ बदलत गेला असेल, तर `Settings` मधलं `Match Total Exposures` वापरा. फ्लॅश कमीजास्त झालेल्या फोटोंना ते लागू पडत नाही, ते हातानेच करावे लागतात.

शेवटी `N` दाबून चार-पाच फोटो शेजारी ठेवा आणि रंग चेहऱ्यावर न पाहता हळद न लागलेल्या मानेवर पाहा. संध्याकाळी हॅलोजन लागले की नवा गठ्ठा, नवा मूळ फोटो.