क्यूसी लॅबमध्ये नवीन आहात? दर तीन महिन्यांनी काय लिहून ठेवायचं

गोव्यात बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली बरीच मुलं पहिल्या नोकरीला वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कंपनीत लागतात, आणि त्यातली पुष्कळशी क्यूसीत. मी याच कामात आहे आणि दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ज्युनियर अॅनालिस्टांचे सेल्फ अप्रेझलचे फॉर्म वाचते. दहातल्या आठ फॉर्मांत तेच वाक्य असतं: ‘दिलेलं सर्व काम वेळेत पूर्ण केलं.’ खोटं नसतं ते. पण वाचणाऱ्याला त्यावरून रेटिंग देता येत नाही.

डिचोलीहून कंपनीच्या बसने येणारी एक मुलगी मला म्हणाली होती, “मॅडम, मी रोज टेस्टिंगच करते. त्यात अचिव्हमेंट कसली लिहायची?” यावर माझा उपाय एकच: दर तीन महिन्यांनी आपल्या कामाची एक छोटी नोंद लिहून ठेवायची. तिचंच उदाहरण पुढे घेते, आकडे सोपे करून.

आधी रिमाइंडरचं बघू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. वर्ष एप्रिल ते मार्च धरा आणि मोबाइलच्या कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी परत येणारी आठवण लावा. तारीख मात्र 31 ठेवू नका. 31 मार्चपासून दर तीन महिन्यांनी असं लावलं, तर जून आणि सप्टेंबरला 31 तारीखच नसते, आणि बरीचशी कॅलेंडरं अशा वेळी 30 ला सरकत नाहीत, ती आठवण सरळ गाळतात. तुम्हाला वाटतं सगळं लावून ठेवलंय, आणि थेट डिसेंबरमध्ये घंटी वाजते. शिवाय महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कोण लिहायला बसतो? त्यापेक्षा जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलचा पहिला शनिवार निवडा. काही ठिकाणी फॉर्म मार्चमध्येच उघडतो, तिथे चौथी आठवण मार्चच्या मध्यावर ओढा. जुलै ते सप्टेंबरची नोंद सगळ्यात जास्त राहून जाते. त्यातच चवथ येते, अर्धी लॅब रजेवर असते, आणि परत आल्यावर तुंबलेले सॅम्पल उपसण्यातच ऑक्टोबर उजाडतो.

आठवण स्वतःच्या खासगी खात्यावर लावा. कंपनी सोडली की कंपनीचं खातं बंद होतं आणि त्यातलं सगळं तिथेच राहतं.

खासगी म्हटल्यावर लगेच दुसरी गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपलं क्षेत्र आयटीसारखं नाही. या नोंदीत एकही रीडिंग, बॅच नंबर, प्रॉडक्टचं नाव किंवा क्रोमॅटोग्रामचा फोटो येता कामा नये. लॅबमध्ये खिशातल्या डायरीत वजनं किंवा एरिया टिपून ठेवलेले सापडले, तर ऑडिटर त्याला अनधिकृत नोंद म्हणून धरतो आणि प्रकरण डेटा इंटिग्रिटीवर जातं. मग ‘मी अप्रेझलसाठी लिहीत होते’ हे कारण कुणी ऐकून घेत नाही. म्हणून नोंद लॅबबाहेर, घरी बसून लिहायची आणि तिच्यात फक्त कामाचं स्वरूप, किती वेळा केलं आणि खरा कागद कंपनीत कुठे आहे एवढंच ठेवायचं.

आता त्या मुलीचं काम. तिच्या सेक्शनला एका टॅब्लेटचे बॅच आठवड्यात दोन-तीनदा येत. सॅम्पल आलं की एचपीएलसीवर लावायचं, अशी पद्धत होती. प्रत्येक वेळी मोबाइल फेज बनवा, कॉलम स्थिरावायला 45 मिनिटं द्या, मग एक ब्लँक आणि सिस्टम सूटॅबिलिटीसाठी स्टँडर्डची 6 इंजेक्शनं. रन टाइम 15 मिनिटांचा धरला तर या 7 इंजेक्शनांना 105 मिनिटं जातात. म्हणजे पहिलं सॅम्पल लागायच्या आधीच मशीनचे अडीच तास गेले. तीन बॅच तीन वेगळ्या दिवशी लावले तर साडेसात तास. तिने सॅम्पल रजिस्टर चाळून प्लॅनरला विचारलं, की एक-दोन दिवस थांबून तिन्ही एकत्र लावले तर चालतील का. रिलीजची तारीख बसत होती, तिथे तो हो म्हणाला. अडीच तासांत तिघांचं भागलं, पाच तास वाचले. अर्थात तीन बॅचची सगळी इंजेक्शनं सोल्युशन स्टॅबिलिटीच्या मुदतीत संपायला हवीत. मेथडमध्ये ती 24 तास दिली असेल तर शेवटचं इंजेक्शनही त्यात बसलं पाहिजे. हे गणित तिने आधी मांडलं होतं, आणि माझ्या मते तिचं खरं कसब तेच.

हीच ती अचिव्हमेंट. पण तिने जानेवारीत लिहायला घेतलं असतं तर ‘सॅम्पल एकत्र लावले’ एवढंच आठवलं असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारच्या आधी तिने एचपीएलसीचं युसेज लॉगबुक उघडलं आणि तिमाहीत असं किती वेळा झालं ते मोजलं. आलं 8 वेळा. घरी तिने लिहिलं ते असं:

‘जुलै–सप्टेंबर. एकाच मेथडचे सॅम्पल वेगवेगळ्या दिवशी लागत होते. प्लॅनरच्या संमतीने तीन-तीन बॅच एकत्र लावले, 8 वेळा. दर वेळी मशीनचे सुमारे 5 तास, एकूण सुमारे 40 तास वाचले. स्टॅबिलिटीची मुदत एकदाही ओलांडली नाही. सुचवलं मी, वेळापत्रक प्लॅनरने बदललं. पाहायचं झाल्यास: युसेज लॉगबुक.’

यात दोन गोष्टी मला आवडल्या. 40 तास मशीनचे आहेत, माणसाचे नाहीत, हे तिने स्पष्ट लिहिलं. कॉलम स्थिरावताना अॅनालिस्ट दुसरं काम करतच असतो, त्यामुळे ‘मनुष्यबळाचे 40 तास वाचवले’ म्हटलं असतं तर मीच तिला अडवलं असतं. आणि प्लॅनरचा वाटा तिने लपवला नाही. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये प्लॅनरचा साहेबही बसलेला असतो. याउलट ‘कार्यक्षमता 30 टक्के वाढवली’ असं कुणी लिहिलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाच्या 30 टक्के? उत्तर बहुधा येत नाही.

ओओएस आलं, तुम्ही तपासात होता, तर तेही लिहा. मात्र ‘माझी चूक नव्हती’ हा सूर नको. तपासाच्या कोणत्या टप्प्यात काय केलं आणि कारण सापडलं की नाही, एवढं पुरे.

रेझ्युमेसाठी याच नोंदीची एक ओळ होते: ‘एचपीएलसीवर एकाच मेथडच्या सॅम्पलचं एकत्रित नियोजन करून एका तिमाहीत मशीनचे सुमारे 40 तास वाचवले.’ प्लॅनर, लॉगबुक वगैरे तिथे नको, ते इंटरव्ह्यूत विचारतील तेव्हा सांगायचं. नोंद लिहायला बसाल तेव्हाच आपलं ट्रेनिंग रेकॉर्ड आठवून नवीन कोणत्या टेस्टला क्वालिफाय झालात ते जोडा: डिसोल्युशन, कार्ल फिशर, जीसी, जे असेल ते. सॉफ्टवेअरचं नावही लिहा. एम्पॉवर येतं का, हा प्रश्न आपल्याकडच्या इंटरव्ह्यूत फार लवकर येतो, आणि त्याच्यामागोमाग दुसरा: नुसतं सीक्वेन्स लावता, की प्रोसेसिंगही स्वतः करता? ते दोन्ही वेगळं लिहा, आणि जे सीनियरच्या देखरेखीखाली केलं असेल तिथे तसं लिहा.