दगडी पायाचा हिशेब: ढिगातली पोकळी आणि भिंतीतली पोकळी एक समजू नका

डबराच्या पायाचा हिशेब चुकतो तो बहुधा एकाच ठिकाणी. पायाचे घनफळ काढणारे बरेच जण बरोबर काढतात. सिमेंट-वाळूच्या मालासाठी एक तृतीयांश धरायचे हेही कुणीतरी सांगितलेले असते. मग ते घनफळातून तो तिसरा हिस्सा वजा करतात आणि उरलेल्या दोन तृतीयांशाचा दगड मागवतात. कागदावर हे चोख दिसते, पण काम निम्म्यावर आले की दगड संपतो.

भिंतीत दोन तृतीयांश दगड असतो हे खरे. पण तो निव्वळ, भरीव दगड. गाडीतून येतो तो भरीव नसतो. डबर गाडीत टाकलेला असतो आणि दगडादगडांत हवा असते. ही ढिगातली पोकळी साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. भिंतीतली पोकळी वेगळी. तिथे गवंडी दगड निवडून, फिरवून, कपच्या ठोकून बसवतो, म्हणून ती तेहतीस टक्क्यांच्या जवळ येते आणि तिच्यात माल भरतो. दगड तोच, पण पोकळ्या दोन आहेत आणि दोन्हींचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

आकडे घालून पाहू. एका खोलीचा पाया आहे, भिंतींच्या मध्यरेषेने मोजल्यास ५ बाय ४ मीटर, म्हणजे एकूण लांबी १८ मीटर. खालची पायरी ०.७५ मीटर रुंद आणि ०.३० उंच, दुसरी ०.६० रुंद आणि ०.४५ उंच, वर जोत्याची भिंत ०.४५ रुंद आणि ०.६० उंच. तिन्हींचे घनफळ ४.०५, ४.८६ आणि ४.८६, एकूण १३.७७ घनमीटर.

यातला ६७ टक्के भरीव दगड म्हणजे ९.२३ घनमीटर. घडवताना, फोडताना, निवडताना काही दगड वाया जातो, त्यासाठी मी आठ टक्के वाढवतो. आता ढिगात ५८ टक्केच भरीव आहे असे धरले, तर ९.२३ ला १.०८ ने गुणून ०.५८ ने भागायचे. उत्तर येते १७.२ घनमीटर, ब्रासमध्ये सहाच्या किंचित वर. भिंतीच्या घनफळाच्या सव्वापट दगड लागतो असे जुने गवंडी सांगतात. ते याच हिशेबाचे तोंडी रूप आहे, आणि चांगल्या फोडलेल्या डबराला ते लागूही पडते. पण सव्वापट कुठून आली हे माहीत नसेल, तर गोलसर नदीगोट्यांच्या गाडीलाही माणूस तीच पट लावतो आणि फसतो.

असाच पाया एका कामावर पाहिला होता. तिथल्या सुपरवायझरने १३.७७ मधून तिसरा हिस्सा वजा करून ९.२ घनमीटर दगड मागवला, तोही गाडीच्या हौद्याच्या मापाने. त्या मापात भरीव दगड होता जेमतेम सव्वापाच घनमीटर. त्यातली घट गेल्यावर खालची पायरी पूर्ण झाली आणि दुसरी पायरी दोन तृतीयांश उंचीवर आली तेव्हा दगड संपला. इथपर्यंत नुकसान फक्त वेळेचे होते. पुढची गाडी येईपर्यंत थांबायला हवे होते. पण वर बांधकामाची घाई होती. थोडा दगड आला तो दोन्ही तोंडांना वापरला आणि मधल्या पोटात कोरड्या कपच्या, फुटका चुरा भरून वरून पातळ माल ओतला. जोत्यापर्यंत काम झाले, बाहेरून सांधे नीट भरलेले होते, तक्रारीला जागा दिसत नव्हती.

मला तिथे दुसऱ्याच कामासाठी बोलावले होते. बोलता बोलता सुपरवायझर म्हणाला, सिमेंटच्या पिशव्या वाचल्या. किती लागल्या विचारले तर सतरा. या पायाला एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू अशा एकास सहाच्या मालात चोवीसच्या आसपास पिशव्या जायला हव्यात. सतरा पिशव्यांत झालेला माल १३.७७ घनमीटरवर पसरला तर भिंतीत मालाचा हिस्सा २३ टक्के येतो. डबराच्या भिंतीत ते होत नाही. गवंडी कितीही कसबी असो, माल इतका कमी लागला तर उरलेली जागा रिकामी आहे एवढाच त्याचा अर्थ.

जोत्याच्या माथ्यावर, भिंतीच्या मध्यावर, एक बादली पाणी सोडायला सांगितले. घट्ट भिंतीवर ते साचते आणि सावकाश जिरते. इथे ते बघता बघता आत गेले आणि खालच्या सांध्यातून बाहेर आले. पहारीने दोन दगड काढले. आत कपच्या सुट्या होत्या, हात जाईल एवढी भोके होती, आणि ओतलेला माल वरच्या कपच्यांवर पापुद्र्यासारखा बसलेला. पातळ माल खाली उतरेल हा भाबडा समज आहे. दाट असेल तर तो पहिल्याच थरावर अडतो. पातळ असेल तर वाळू वरच राहते, खाली जाते ते सिमेंटचे पाणी, आणि ते वाळल्यावर पोकळी होती तशीच राहते. असा पाया खरे तर दोन पातळ भिंतींचा असतो. त्या वजनाखाली बाहेर फुगतात आणि पावसाचे पाणी आत शिरून मधले सगळे खाली बसत जाते. तो पाया खालच्या पायरीपर्यंत उतरवून पुन्हा बांधावा लागला. वरून ग्राउट भरून भागेल का असे विचारले गेले. मी नाही म्हटले आणि आजही म्हणेन.

म्हणून माझी सवय अशी की दगड आणि माल या दोन्हींची नोंद एकत्र ठेवायची. रोज संध्याकाळी किती घनमीटर बांधकाम झाले आणि किती पिशव्या फुटल्या एवढेच लिहायचे. दर घनमीटरला ओला माल ०.३० ते ०.३५ घनमीटर येत असेल तर काम ठीक. पावाच्या खाली गेला की पोटात पोकळी आहे, बादली घेऊन जा. ०.४० च्या वर गेला तर उलटा रोग आहे. गवंडी कपच्या न ठोकता मोठ्या फटी मालानेच भरतो आहे, किंवा दगड कमी पडतो आहे आणि त्याची जागा माल घेतो आहे. अशा जाड गोळ्यातला माल आकसतो आणि दगडापासून सुटतो. सांधा बोटभर जाडीचा, फार तर दोन सेंटिमीटरचा हवा. त्याहून मोठी फट दिसली की तिथे कपची हवीच, आणि ती मालात बुडवून ठोकलेली हवी. घडवताना निघालेल्या कपच्या याच कामाला येतात. त्या वेगळ्या मागवाव्या लागत नाहीत, फक्त गोळा करून ठेवाव्या लागतात.

आता मालाचा हिशेब. इथेही एक हमखास चूक होते. १३.७७ च्या ०.३३ पटीने ४.५४ घनमीटर माल निघतो. हा ओला, तयार माल. याला सरळ सातने भागून सिमेंट काढले तर कमी पडते, कारण कोरडी वाळू आणि सिमेंट पाणी घालून कालवले की आकारमान घटते. सिमेंट वाळूच्या फटींत शिरते. म्हणून ओल्या मापाला १.३ ने गुणायचे, ५.९ घनमीटर कोरडे मिश्रण. सातवा हिस्सा सिमेंट म्हणजे ०.८४ घनमीटर. ५० किलोची पिशवी साधारण ०.०३५ घनमीटर भरते, म्हणजे चोवीस पिशव्या आणि वर एखादी सांडलवंडीची. वाळू ५.०६ घनमीटर. वाळू दमट येत असेल तर पाचऐवजी सव्वासहा मागवा. ओलसर वाळू फुगलेली असते, मापात पाव हिस्सा जास्त भरते.

ढिगातली पोकळी चाळीस टक्केच का धरायची, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकात शोधू नका, गाडीवर शोधा. हौद्याचे आतले माप घ्या आणि वजनकाट्याची पावती मागा. २.८३ घनमीटरच्या, म्हणजे एक ब्रासच्या, सपाट भरलेल्या हौद्यात ४.६ टन दगड आला, तर घनमीटरला १.६३ टन. आता दगडाची भरीव घनता काढा. एक दगड वजन करा, काठोकाठ भरलेल्या बादलीत अलगद सोडा, बाहेर पडलेले पाणी मोजा. जितके लिटर पाणी, तितके दगडाचे आकारमान. ५.६ किलोच्या दगडाने २ लिटर पाणी सारले तर घनता २.८. मग १.६३ भागिले २.८ म्हणजे ०.५८ भरीव, आणि ४२ टक्के हवा. वरच्या हिशेबातला आकडा असाच आला. चार वेगवेगळ्या दगडांवर करा, कारण एखादा सच्छिद्र दगड हिशेब बिघडवतो.

जमेल तिथे मी मापाने दगड घेतच नाही, वजनाने घेतो. ९.२३ ला १.०८ आणि मग २.८ ने गुणले की २८ टन. यात ढिगाची पोकळी येतच नाही. गाडीवाल्याने दगड रचून भरला की नुसता ओतला, याने आपला आकडा हलत नाही. वजन शक्य नसेल तर दगड उतरवून सपाट जागेवर चट्टा लावून घ्या आणि चट्टा मोजा. चट्टा रचलेला असल्याने त्यातली पोकळी ओतलेल्या गाडीपेक्षा कमी असते. तेव्हा गाडीचा टक्का चट्ट्याला लावू नका.

उरलेल्या चुका थोडक्यात. लांबी बाहेरून मोजू नका, मध्यरेषेने मोजा. वरच्याच खोलीला प्रत्येक पायरीची बाहेरची लांबी धरली तर घनफळ १५.५८ येते, कोपरे दोनदा मोजले जाऊन तेरा टक्के फुकट वाढतात. भिंतीच्या आरपार जाणारे थ्रू स्टोन ढिगातून निघतील या भरवशावर राहू नका, ते नगावर वेगळे सांगा, कारण ४५ सेंटिमीटर लांबीचा दगड साध्या डबरात क्वचितच सापडतो आणि नाही सापडला की गवंडी दोन आखूड दगड समोरासमोर ठेवून मोकळा होतो. कोरडा दगड मालातले पाणी ओढून घेतो, बांधण्याआधी भिजवा. आणि पायरीच्या वरच्या बाजूचे उघडे राहिलेले तोंड दिवसाचे काम संपताना मालाने सपाट करू नका. उद्याचा थर तसाच खडबडीत दगडावर बसू द्या, त्याला पकड तिथेच मिळते.