धोरणाचा मराठी अनुवाद तपासताना

इंग्रजी मूळ बाजूला ठेवून आधी फक्त मराठी वाचावे आणि प्रत्येक वाक्यातून कर्मचाऱ्याने नेमके काय करायचे, हे कळते का ते पाहावे. ‘कर्मचारी गोपनीय माहिती उघड करू शकत नाही’ हे व्याकरणाने निर्दोष असल्यामुळे सहज निसटते. पण मूळ ‘मे नॉट’ मनाई सांगते, तर मराठी वाक्यातून असमर्थताही ध्वनित होते, म्हणून तेथे ‘उघड करण्यास मनाई आहे’ असेच हवे. उरलेल्या इंग्रजीसाठी वर्डमध्ये Use wildcards निवडून `[A-Za-z]` शोधावे. चित्रांतील मजकूर मात्र या शोधात सापडत नाही, आणि देवनागरीत लिहिलेले ‘अ‍ॅप्लिकेबल’ही नाही; ते डोळ्यांनीच वाचावे लागते.