फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी आणि एसजीओटी वाचताना या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून आले आणि सोबतच्या रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेले निघाले, की पुढचे सगळे लक्ष त्या एकाच आकड्यावर खिळते. तो वाढला की घरभर चिंता पसरते आणि उतरला की फाइल कपाटात जाते. इतक्या वर्षांत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की आता रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच मी त्याच्याकडे दोन गोष्टी मागतो : जुने सगळे रिपोर्ट आणि त्याच दिवशीची प्लेटलेटची संख्या. हे दोन हाती नसतील, तर एकट्या एसजीपीटीवरून मत देण्याचे मी टाळतो.

हे दोन आकडे नेमके काय सांगतात, ते आधी पाहू. एसजीपीटी (काही रिपोर्टांत याच तपासणीला एएलटी म्हणतात) हे मुख्यतः यकृताच्या पेशींत असते. एसजीओटी (म्हणजेच एएसटी) यकृतात असतेच, पण हृदय, हातापायांचे स्नायू आणि तांबड्या रक्तपेशी यांतही असते. पेशीला इजा झाली की ही एन्झाइम रक्तात उतरतात. म्हणजे हे आकडे आज पेशींना किती इजा होत आहे एवढेच दाखवतात. यकृत किती काम करते आहे किंवा आजवर त्याचे किती नुकसान झाले आहे, हे त्यांतून कळत नाही. चरबीमुळे होणाऱ्या इजेचे नेहमीचे चित्र सौम्य असते. दोन्ही आकडे वरच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, क्वचित पाचपटीपर्यंत जातात आणि एसजीपीटी हे एसजीओटीपेक्षा जास्त असते. एसजीओटीला एसजीपीटीने भागले, तर उत्तर एकपेक्षा कमी येते.

चूक पहिली : एसजीपीटी उतरले म्हणून निर्धास्त होणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती आनंदाच्या बातमीचे रूप घेऊन येते.

मधुमेह असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय ५७ होते. त्यांनी नऊ वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे नीट लावून आणले होते आणि एसजीपीटीच्या प्रत्येक आकड्याभोवती पेनने गोल केला होता. ४८व्या वर्षी एसजीपीटी ९२ होते, पुढे ते ७१ झाले, मग ५५ आणि आता ३८. “डॉक्टर, लिव्हर आता नॉर्मल झालं ना?” त्यांचा प्रश्न साधा होता आणि चेहऱ्यावर समाधान होते. ज्यांच्याकडे ते आधी जात होते, त्यांनीही ‘सुधारणा आहे’ असेच लिहून दिले होते. सोनोग्राफीत पूर्वी ग्रेड २ होती, ती आता ग्रेड १ झाली होती.

ज्या ओळींना गोल नव्हता, त्या मी वाचायला घेतल्या. एसजीओटी नऊ वर्षांपूर्वी ५४ होते आणि आता ४९, म्हणजे जवळजवळ जागेवरच. त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर पूर्वी साधारण ०.६ होते, ते आता १.३ झाले होते. प्लेटलेट २ लाख ४० हजारांवरून १ लाख ३८ हजारांवर आल्या होत्या. या काळात त्यांचे वजन कमी झालेले नव्हते आणि साखरही आटोक्यात नव्हती. मग एसजीपीटी उतरायला चांगले असे कारणच काय होते?

कारण चांगले नव्हते. दीर्घकाळ इजा होत राहिलेल्या यकृतात तंतुमय व्रण साठत जातात, त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. तो वाढत गेला की इजा व्हायला शिल्लक असलेल्या निरोगी पेशीच कमी होतात आणि एसजीपीटी उतरू लागते. एसजीओटी रक्तातून काढून टाकण्याचे यकृताचे काम मंदावते, म्हणून ते तितके उतरत नाही आणि गुणोत्तर एकच्या वर जाते. त्याच वेळी यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाब वाढून प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. पुढच्या टप्प्यात यकृतातली चरबीसुद्धा कमी होते, त्यामुळे सोनोग्राफीची ग्रेड सुधारल्यासारखी दिसते. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी मोजते, व्रण मोजत नाही, हे प्रत्येक रिपोर्टखाली छापायला हवे असे माझे मत आहे.

त्यांच्या यकृताचा कडकपणा इलॅस्टोग्राफीने मोजला, तो १९ किलोपास्कल निघाला. आठच्या आत असेल तर साधारणपणे गंभीर फायब्रोसिस नाही असे मानतात. कडकपणा एवढा आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, म्हणून एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेत लहान फुगलेल्या शिरा दिसल्या, म्हणजे हा सिरोसिस होता. ज्या आकड्याभोवती इतकी वर्षे प्रेमाने गोल काढला गेला, तोच आकडा त्यांची दिशाभूल करत होता.

म्हणून माझी सवय अशी आहे, की एसजीपीटी उतरलेले दिसले तर मी आधी विचारतो, वजन उतरले आहे का? वजन, साखर, एसजीपीटी आणि एसजीओटी हे सगळे बरोबरीने खाली आले असतील आणि प्लेटलेट टिकून असतील, तर ती खरी सुधारणा. एकटे एसजीपीटी उतरले असेल, तर मी ‘सुधारणा’ हा शब्द लिहीत नाही.

गणित करायचा कंटाळा

वरचे सगळे धोके एका साध्या सूत्रात बऱ्यापैकी पकडता येतात. त्याला फिब-४ म्हणतात आणि त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही.

फिब-४ = (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट × √एसजीपीटी)

प्लेटलेट इथे हजारांत घ्यायच्या : २ लाख ४० हजार असतील तर २४०. काही जण लाखांतला २.४ तसाच टाकतात आणि उत्तर शंभरपट आल्यावर घाबरून जातात. वरच्या गृहस्थांचे पहिले रिपोर्ट घ्या. ४८ गुणिले ५४ म्हणजे २५९२. ९२चे वर्गमूळ ९.५९, त्याला २४०ने गुणून सुमारे २३०२, भागाकार १.१. शेवटच्या रिपोर्टवर ५७ गुणिले ४९ म्हणजे २७९३; ३८चे वर्गमूळ ६.१६, त्याला १३८ने गुणून सुमारे ८५०, भागाकार ३.३. उत्तर १.३च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी असते, २.६७च्या वर असेल तर ती बरीच वाढते, आणि अधल्यामधल्यांना इलॅस्टोग्राफी करावी लागते. एसजीपीटी ‘नॉर्मल’ होत असतानाच हा आकडा तिपटीने वाढला होता, आणि तो काढायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरला असता.

या सूत्राला मर्यादा आहेत. पस्तिशीच्या आत ते विश्वासार्ह नाही, आणि पासष्टीनंतर वयामुळेच उत्तर फुगत असल्याने खालची मर्यादा १.३ऐवजी २ धरतात. तापाच्या आजारात प्लेटलेट उतरल्या असतील किंवा एसजीओटी दुसऱ्याच कारणाने वाढले असेल, तेव्हा तर ते काढूच नये.

चूक दुसरी : एसजीओटी जास्त दिसताच दारूचा आरोप

एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूमुळे झालेल्या इजेचा संशय घ्यावा, हा नियम योग्य आहे. पण नियम अर्धा पाठ असला की माणसे दुखावतात. २९ वर्षांच्या एका तरुणाला सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले होते. त्याचे एसजीओटी २४० आणि एसजीपीटी ९० आले. घरच्यांना कोणीतरी सांगितले, की ‘हा पॅटर्न दारूचा आहे’. तो पीत नव्हता, हे त्याने आठ दिवस सगळ्यांना सांगून पाहिले होते. माझ्यासमोर बसला तेव्हा त्याला खुर्चीतून उठताना मांड्या धरून उठावे लागत होते, आणि मला उत्तर तिथेच दिसले. फॅटी लिव्हर ऐकून घाबरून त्याने आदल्या आठवड्यात जोरदार बैठका आणि वजने उचलणे सुरू केले होते. स्नायूंची इजा दाखवणारे सीके ५२००च्या वर होते, तर दारूमुळे बहुधा वाढणारे जीजीटी मर्यादेत होते. लघवीचा रंग आणि मूत्रपिंडाची तपासणी ठीक आहे याची खात्री करून त्याला भरपूर पाणी आणि विश्रांती सांगितली. दोन आठवड्यांनी एसजीओटी ३४ आणि एसजीपीटी ६१ आले. एसजीओटी रक्तातून लवकर निघून जाते, एसजीपीटी रेंगाळते. आणि खाली उरला तो फॅटी लिव्हरचा खरा, साधा पॅटर्न.

महिनाभरात लिव्हर ‘साफ’ करण्याच्या या घाईबद्दल मला खरोखर वाईट वाटते. तपासणीच्या आधी आठवडाभर जड व्यायाम नको, एवढे मी आता प्रत्येकाला लिहून देतो. आणि एसजीओटी एकटेच वाढलेले असेल तर आधी सीके पाहतो, शिवाय नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या होत्या का, हे लॅबला विचारतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या इतर चुका

सोनोग्राफीत चरबी दिसली म्हणून वाढलेल्या प्रत्येक आकड्याचे खापर चरबीवर फोडू नये. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी एकदा झालीच पाहिजे, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे यांची यादी मांडलीच पाहिजे. आकडे पाचशे-हजारांत गेले, तर ते फॅटी लिव्हरचे नव्हेत. तिथे तातडीने दुसरे कारण शोधावे लागते. डोळे पिवळे झाले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी एसजीपीटी थोडे वाढलेले पाहून परस्पर बंद करू नये. फॅटी लिव्हरमध्ये ती चालते आणि या रुग्णांना हृदयविकाराचा धोका मोठा असतो.

लॅबच्या छापील मर्यादेवर विसंबू नये. अनेक ठिकाणी ती ४०-५०च्या घरात असते, पण निरोगी पुरुषात एसजीपीटी साधारण ३३च्या आत आणि स्त्रीत २५च्या आत असावे असे मानले जाते.

दर आठ-पंधरा दिवसांनी तपासणी करू नये. चरबी कमी व्हायला वजन निदान तीन ते पाच टक्के, आणि दाह शमायला सात ते दहा टक्के उतरावे लागते, त्याला काही महिने लागतात. मी तीन ते सहा महिन्यांनी दोन्ही एन्झाइम आणि प्लेटलेट एकत्र करून घेतो, शक्यतो त्याच लॅबमध्ये. फिब-४ १.३च्या आत असेल, तर मधुमेह असलेल्यांचे गणित दर वर्ष-दोन वर्षांनी आणि इतरांचे दोन-तीन वर्षांनी पुन्हा मांडतो, एसजीपीटी कितीही सुंदर आलेले असले तरी.