विक्री वाढली, तरी नफा घटला: युनिट हाती आल्यावर नफा-तोटा पत्रक कसं वाचावं

तांत्रिक कामातून किंवा विक्रीतून वर आलेल्या माणसाकडे अख्खं युनिट सोपवलं की दर महिन्याला त्याच्यापुढे नफा-तोटा पत्रक येऊ लागतं, आणि नजर सरळ शेवटच्या ओळीवर जाते. माझं सांगणं असं, की ती ओळ सगळ्यात शेवटी वाचा. त्या एका आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: ग्राहकांशी झालेल्या व्यवहारातून काय उरलं, युनिट चालवायला आपण किती खर्च केला, आणि मुख्यालयाने स्वतःचा किती खर्च आपल्या माथी टाकला. या तिन्ही सुट्या केल्याशिवाय त्या पत्रकावरून काय करायचं ते ठरवता येत नाही.

माझ्याकडे युनिट आलं त्या पहिल्या तिमाहीत नेमकी अशीच परिस्थिती होती. सोयीसाठी आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीची विक्री 100 धरू. या वर्षी ती 112 झाली आणि नफा मात्र 8 वरून 5 वर आला. सगळ्यांनी लगेच खर्चकपातीची भाषा सुरू केली. पत्रकावर विक्री, विकलेल्या मालाचा खर्च, ग्रॉस मार्जिन, वितरण खर्च, प्रशासकीय खर्च अशा नेहमीच्या ओळी होत्या. या रचनेत खर्च कुठल्या खात्यात झाला ते कळतं, पण विक्री वाढली की कोणता खर्च वाढतो आणि कोणता जागेवर राहतो, ते कळत नाही. म्हणून मी फायनान्सकडून खातेनिहाय तपशील मागवला आणि प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारला: उद्या एक नग जास्त विकला तर हा वाढेल का? ज्यांचं उत्तर ‘हो’ आलं ते, म्हणजे कच्चा माल, पॅकिंग, मालवाहतूक आणि विक्रीवरचं कमिशन, विक्रीतून आधी वजा केले. त्यानंतर उरतं ते काँट्रिब्युशन. मग युनिटचे स्वतःचे स्थिर खर्च, आणि अगदी शेवटी मुख्यालयाचा वाटा. पत्रक असं दिसू लागलं:

| | आदलं वर्ष | यंदा |
|---|---|---|
| विक्री | 100 | 112 |
| नगांबरोबर वाढणारे खर्च | 65 | 78 |
| काँट्रिब्युशन | 35 | 34 |
| युनिटचे स्थिर खर्च | 18 | 18 |
| युनिटने स्वतः कमावलेलं | 17 | 16 |
| मुख्यालयाचा वाटा | 9 | 11 |
| नफा | 8 | 5 |

खर्चकपातीची चर्चा इथेच थांबली, कारण आमचे स्थिर खर्च हललेलेच नव्हते. कोडं होतं ते वरच्या तीन ओळींत. विक्री 12 टक्के वाढली, पण बदलते खर्च 65 वरून 78, म्हणजे बरोबर 20 टक्के वाढले. कच्च्या मालाचे दर तपासले, ते तसेच होते. मग नगांचा आकडा मागवला. नगही 20 टक्केच जास्त गेले होते. म्हणजे जुन्या भावाने विक्री 120 व्हायला हवी होती, आणि मधले 8 कुठेतरी गळले होते. पत्रकात सूट किंवा स्कीम नावाची ओळच नव्हती. फायनान्सच्या मॅडमनी ते सोडवलं. “सर, स्कीमचा आकडा तुम्हाला खर्चात सापडायचा नाही. तो विक्रीतूनच वजा होतो, वर दिसते ती निव्वळ विक्री.” हे नियमाला धरूनच आहे. आयएफआरएस 15 या मानकाप्रमाणे ग्राहकाला दिलेली सूट आणि रिबेट सर्वसाधारणपणे महसुलातूनच कमी करायचे असतात. म्हणून नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात हे मागून घ्यावं: बिलाच्या भावाने एकूण विक्री किती, त्यातून सूट किती, वर्षअखेरच्या रिबेटची तरतूद किती, परत आलेला माल किती. पत्रकातली पहिली ओळ ही या चार आकड्यांची बेरीज-वजाबाकी असते.

या 8 चं गणित सावकाश करण्यासारखं आहे. 120 वर 8 म्हणजे जेमतेम पावणेसात टक्के सूट. विक्रीच्या लोकांना ती किरकोळ वाटत होती, कारण नग 20 टक्के वाढले होते. पण 100 च्या भावावर आम्हाला मिळत होते 35, आणि सूट पूर्णपणे त्या 35 मधूनच जाते, कच्चा माल काही स्वस्त होत नाही. नगामागे 35 च्या जागी साधारण 28.3 उरू लागले. आधीइतकंच काँट्रिब्युशन मिळवायचं तर नग साडेतेवीस टक्के वाढायला हवे होते. सूत्र सोपं आहे: सुटीची टक्केवारी भागिले (काँट्रिब्युशनची टक्केवारी वजा सुटीची टक्केवारी). हे सूत्र समोर ठेवल्याशिवाय मी आता कुठल्याही स्कीमवर सही करत नाही. काँट्रिब्युशन 60 टक्के असलेल्या धंद्यात हीच सूट साडेबारा टक्के वाढीने भरून निघते, 20 टक्के असेल तर नग तब्बल निम्म्याने वाढावे लागतात.

नफ्यातल्या 3 च्या घटीपैकी 1 असा सुटीचा निघाला. उरलेले 2 मुख्यालयाच्या वाट्यातले. मुख्यालयाचा एकूण खर्च दोन्ही वर्षी 90 च होता. तो युनिटच्या विक्रीच्या प्रमाणात वाटला जात होता, आणि इतर युनिटची विक्री घसरल्याने एकूण विक्रीतला आमचा हिस्सा 10 वरून सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास गेला. दुसऱ्यांची विक्री पडली आणि खर्च आमच्याकडे सरकला, एवढंच. वाटपाचा आधार कोणता, हा प्रश्न प्रत्येक युनिटप्रमुखाने लेखी विचारावा. विक्री, माणसांची संख्या, जागेचं क्षेत्रफळ, यांतला आधार बदलला की धंद्यात काहीही न होता नफा बदलतो. आम्ही वर्षभरासाठी बजेटचा ठरलेला आकडाच लावून घेतला, त्यामुळे दर महिन्याचा हा गोंधळ थांबला.

याच कारणाने, एखादं उत्पादन शेवटच्या ओळीत तोट्यात दिसतं म्हणून ते बंद करा असं कोणी म्हणालं, तर आधी ‘युनिटने स्वतः कमावलेलं’ ही ओळ बघा. उत्पादन बंद केल्यावर त्याच्या वाट्याचा मुख्यालयाचा खर्च संपत नाही, उरलेल्यांवर पडतो. ती ओळ अधिक असेल तर बंद केल्याने कंपनीचा नफा तेवढ्याने घटेल.

ग्रॉस मार्जिनला मात्र काँट्रिब्युशन समजू नका. विकलेल्या मालाच्या खर्चात कारखान्याचा स्थिर खर्चही नगांवर वाटून घातलेला असतो. विक्रीपेक्षा उत्पादन जास्त झालं तर त्या खर्चाचा काही भाग शिल्लक मालात जाऊन बसतो आणि त्या महिन्याचं मार्जिन छान दिसतं. म्हणून मार्जिन अचानक सुधारलं की मी पहिल्यांदा अखेरचा साठा बघतो. तो वाढला असेल तर तो खर्च माल विकला जाईल त्या महिन्यात परत येणार, हे धरूनच पुढचा अंदाज करतो.

महिन्याच्या पत्रकात आणखी एक तपासणी चटकन होते. मागचे 12 महिने शेजारीशेजारी ठेवून प्रत्येक ओळ आडवी वाचायची. दर महिन्याला येणारं मालवाहतुकीचं बिल एखाद्या महिन्यात निम्मं आणि पुढच्या महिन्यात दीडपट दिसलं, तर खर्च कमी-जास्त झालेला नसतो, बिल उशिरा आलेलं असतं आणि त्याची तरतूद राहून गेलेली असते. आता महिनाअखेरीच्या आधी आम्ही फायनान्सला एक यादी पाठवतो: काम झालं आहे पण बिल आलेलं नाही, आणि अंदाजे रक्कम.