भांडवलावरील व्याज काढताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पॅकिंग बॉक्स बनवणारी एक भागीदारी पेढी कल्पा. रमेश आणि सुनंदा, नफ्याचे प्रमाण ३:२. करारात भांडवलावर दरसाल १० टक्के आणि उचलीवर दरसाल १२ टक्के व्याज ठरले आहे. ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात रमेशचे भांडवल ४,२४,००० आणि सुनंदाचे ५,२०,००० दिसते. वर्षाचा २,००,००० नफा वाटून झाला आणि मग लक्षात आले की व्याज लावायचे राहूनच गेले.

आता बहुतेक जण ताळेबंदातल्या आकड्यांवर सरळ १० टक्के काढतात: ४२,४०० आणि ५२,०००. इथेच गणित फसते. वर्षभरात भांडवल घातले किंवा काढले नसेल, तर व्याज सुरुवातीच्या शिलकेवर मिळते, आणि ताळेबंद दाखवतो ती शेवटची शिलक. ती सुरुवातीची आहे की नाही, हे खाते कोणत्या पद्धतीने ठेवले आहे त्यावर ठरते.

स्थिर भांडवल पद्धतीत, म्हणजे फिक्स्ड कॅपिटलमध्ये, नफा, उचल, व्याज हे सगळे चालू खात्यात जाते. भांडवल खात्याला हात लागतो तो फक्त नवे भांडवल आणले किंवा कायमचे काढले तरच. तसे काही झाले नसेल, तर शेवटचा आकडा हाच सुरुवातीचा. तिथे ४२,४०० बरोबर ठरले असते. पण या पेढीच्या ताळेबंदात चालू खाती नाहीतच, म्हणजे पद्धत बदलत्या भांडवलाची, फ्लक्च्युएटिंग. सगळे एकाच खात्यात मिसळले आहे, तेव्हा ते उलटे उलगडावे लागते: उचल परत मिळवायची, जमा झालेला नफा वजा करायचा.

रमेशने दर महिन्याच्या सुरुवातीला ८,००० याप्रमाणे ९६,००० उचलले आणि त्याला नफा मिळाला १,२०,०००. ४,२४,००० अधिक ९६,००० वजा १,२०,००० म्हणजे ४,००,०००. सुनंदाने १ ऑक्टोबरला एकदाच ६०,००० घेतले, नफा ८०,०००. तिचे सुरुवातीचे भांडवल ५,००,०००. व्याज झाले ४०,००० आणि ५०,०००.

एक बारीक खोच परीक्षेत हमखास चुकवते. आकडे ताळेबंदातले नसून तेरीज पत्रकातले असतील आणि तिथे उचल वेगळी दाखवली असेल, तर ती भांडवलातून अजून वजा झालेलीच नसते. मग परत मिळवायची कशाला? पण घाईत मिळवली जाते आणि भांडवल फुगते.

उचलीवरच्या व्याजात चूक होते ती महिन्यांची. दर महिन्याच्या सुरुवातीला समान रक्कम घेतली तर सरासरी साडेसहा महिने, मध्यावर सहा, अखेरीस साडेपाच. रमेशचे व्याज ६,२४० येते. सुनंदाच्या रकमेला सहा महिने, म्हणून ३,६००. हे पेढीचे येणे, म्हणून विनियोग खात्याच्या जमा बाजूला. भांडवलावरचे व्याज नावे बाजूला. ही बाजू उलटी टाकणारे कमी नाहीत.

विनियोग खात्यात २,००,००० अधिक ९,८४० वजा ९०,०००, उरले १,१९,८४०. रमेशला ७१,९०४, सुनंदाला ४७,९३६. सगळे धरून रमेशला मिळायला हवे होते १,०५,६६४, मिळाले १,२०,०००. सुनंदाला हवे होते ९४,३३६, मिळाले ८०,०००. म्हणून दुरुस्तीची नोंद एकच: रमेशचे भांडवल खाते १४,३३६ ने नावे, सुनंदाचे तेवढ्यानेच जमा. एकाचे जास्त आणि दुसऱ्याचे कमी हे आकडे जुळले नाहीत, तर समजा वर कुठेतरी चूक आहे. मात्र हा ताळा सुरुवातीचे भांडवल चुकलेले असले तरी जुळतो, त्यामुळे ते वेगळे तपासा.

आणि नफाच कमी असेल तर? भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम १३ प्रमाणे भांडवलावरचे व्याज फक्त नफ्यातून द्यायचे; ते देण्याचे करारात ठरलेले असले, तरच. वेगळे काही ठरले नसेल तर तोट्यात ते मिळत नाही. समजा उचलीचे व्याज धरून विनियोग खात्यात ५४,००० च आहेत आणि व्याज ९०,००० चे. मग ते व्याजाच्याच प्रमाणात, ४:५ ने वाटायचे: २४,००० आणि ३०,०००. इथे सवयीने ३:२ लावले जाते, ते चूक. भागीदाराने पेढीला दिलेल्या कर्जाचे मात्र वेगळे आहे. करार गप्प असला तरी त्यावर ६ टक्के व्याज मिळते, नफा असो वा नसो, आणि ते विनियोग खात्यात नव्हे, त्याआधी नफा-तोटा खात्यातच टाकायचे असते.